रक्त वाढलं नाही, पाणी आटलं

औंध, खटाव, माण आणि पलीकडे आटपाडीच्या पट्ट्यात राहणाऱ्या बायाबापड्यांना, आणि त्यांचे रिपोर्ट घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलासुनांना ही विनंती आहे. रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिनच्या जवळपास ‘पीसीव्ही’ किंवा ‘हिमॅटोक्रिट’ असा एक आकडा असतो. तो वर गेला म्हणून खूश होऊ नका आणि खाली आला म्हणून घाबरू नका. आधी एवढंच विचारा की रक्त काढलं त्या वेळी अंगात पाणी किती होतं.

हा आकडा टक्क्यांत असतो. रक्त नळीत घालून यंत्रात गरगर फिरवलं की तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. त्याला रक्तद्रव म्हणतात. नळीतल्या शंभर भागांपैकी तांबड्या पेशींनी किती भाग व्यापले, तो पीसीव्ही. आजकालची यंत्रं नळी न फिरवता तो हिशोबाने काढतात, पण अर्थ तोच. बायकांत तो साधारण 36 ते 46 आणि पुरुषांत 40 ते 50 असतो. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो. हिमोग्लोबिनचा आकडा ढोबळमानाने याच्या एक तृतीयांश येतो, म्हणून दोघे एकत्रच चढतात आणि उतरतात.

टक्का म्हटला की त्याला दोन बाजू आल्या, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटवला की तो दाट होतो, म्हणून काही त्यात नवी साखर पडलेली नसते. अंगातलं पाणी आटलं की रक्ताचंही तसंच होतं. पेशी तेवढ्याच राहतात, टक्का मात्र वाढतो. उलट बाजूने पाणी भरलं की पेशी न घटताही टक्का उतरतो. पेशी तयार होतात त्या हाडांच्या आतल्या मज्जेत, आणि या चढउतारात मज्जेने काहीच केलेलं नसतं.

एक उदाहरण सावकाश मांडतो. समजा, डाळिंबाच्या बागेत रोजाने जाणारी पन्नास किलो वजनाची एक बाई आहे. तिच्या अंगात साधारण 3200 मिली रक्त आहे. त्यातल्या तांबड्या पेशी 1050 मिली, म्हणजे पीसीव्ही 33 आणि हिमोग्लोबिन 11. हा सौम्य रक्तक्षय झाला. आपल्याकडे यात नवल नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. आशाताईंनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत आणि ती त्या घेते आहे.

मे महिन्यात टँकरच्या पाण्याने तिला जुलाब-उलट्या लागतात. दीड-दोन दिवसांत अंगातलं अडीच-तीन लिटर पाणी आणि मीठ निघून जातं. त्यातला चौथा-पाचवा हिस्सा रक्तद्रवाचा धरला तर नसांतलं सुमारे 600 मिली पाणी कमी झालं. पेशी कुठेच गेल्या नाहीत, त्या 1050 मिलीच आहेत. रक्त मात्र आता 2600 मिली उरलं. 1050 भागिले 2600 म्हणजे 40 टक्के. हिमोग्लोबिन साडेतेरा.

त्या दिवशी रक्त तपासलं तर रिपोर्ट एकदम झकास दिसतो. सगळे आकडे चौकटीत, लाल अक्षरात काहीच नाही. घरचे म्हणतात, “बरं झालं, गोळ्या लागू पडल्या, आता बंद करा.” आणि गोळ्या बंद होतात. बाईचं रक्त एका थेंबानेही वाढलेलं नसतं. तिचा रक्तक्षय तिथेच आहे, फक्त कोरडेपणाने झाकला गेला आहे.

पुढचा घोटाळा सलाईनने होतो. तिला अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या चढवल्या, म्हणजे दोन लिटर. सलाईन सगळं नसांत राहत नाही. थोड्याच वेळात त्यातलं तीन चतुर्थांश नसांबाहेर, पेशींच्या भोवतीच्या जागेत जातं आणि साधारण 500 मिली रक्तात उरतं. रक्त 3100 मिली झालं, पीसीव्ही 34 वर आला आणि हिमोग्लोबिन सव्वाअकराच्या आसपास. दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन दोन ग्रॅमने घटलेलं बघून घरात हलकल्लोळ माजतो. कुणी म्हणतं सलाईनने रक्त पातळ केलं, कुणी म्हणतं दवाखान्यात काहीतरी चुकलं, कुणी रक्ताची पिशवी मागतं. खरं तर दुसरा रिपोर्टच खरा आहे. तिचं नेहमीचं रक्त तेवढंच होतं.

हौसेने म्हणा किंवा भीतीने म्हणा, आणखी चार बाटल्या चढल्या तर? मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर काढेपर्यंत रक्तात आणखी अर्धा लिटर भर पडते. 3600 मिलीत त्याच 1050 मिली पेशी. पीसीव्ही 29, हिमोग्लोबिन दहाच्या खाली. तीन दिवसांत साडेतेरा, सव्वाअकरा आणि पावणेदहा. माणूस तोच आणि पेशीही त्याच. प्रत्यक्षात जुलाब चालू असतात, लघवी होत असते, म्हणून आकडे इतके नेमके येणार नाहीत, पण दिशा हीच राहते.

हे मज्जेचं काम नाही, हे कशावरून? वेळेवरून. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. म्हणजे मज्जा रोज एकूण पेशींपैकी एक टक्क्याहूनही थोड्या कमी नव्या करते आणि जवळपास तेवढ्याच जुन्या संपतात. उद्या मज्जा पूर्ण बंद पडली आणि दुसरं काही बिघडलं नाही, तरी एका दिवसात हिमोग्लोबिन सुमारे 0.1 ग्रॅमनेच उतरेल. चढायलाही तशीच सवड लागते. लोहाची कमतरता असलेल्या माणसाला गोळ्या नीट लागू पडल्या, तरी एक ग्रॅम वाढायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून एका-दोन दिवसांत आकडा दोन ग्रॅमने हलला, तर कारण पाण्याचं असेल, नाहीतर रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल, किंवा क्वचित एखाद्या आजारात पेशी झपाट्याने फुटत असतील. मज्जेला इतकी घाई जमतच नाही.

मला वाटतं, हा एक हिशोब शाळेतच शिकवायला हवा. शेकडेवारी आपण सगळेच शिकतो, पण दुकानातल्या सुटीपलीकडे ती कुठे वापरत नाही.

पाणी गेलं की रक्त दाटतं, हे पटकीच्या साथींनी फार पूर्वी दाखवून दिलं होतं. 1831-32 च्या साथीत ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने इंग्लंडात पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी व क्षार निघून गेल्यामुळे ते दाट झालं आहे, असं सांगितलं. त्याच्याच सांगण्यावरून 1832 मध्ये स्कॉटलंडात लॅटा या डॉक्टरने रोग्यांच्या नसांत मिठाचं पाणी सोडलं. (हाच ओशॉनेसी पुढे हिंदुस्थानात आला आणि इथल्या तारायंत्राचा पाया त्याने घातला.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स पटकीच्या रोग्याच्या रक्ताचा थेंब वेगवेगळ्या घनतेच्या द्रवांत सोडून बघत असे. थेंब किती घनतेच्या द्रवात बुडतो त्यावरून रक्त किती दाटलं आहे ते कळे, आणि त्यावरून सलाईन किती द्यायचं ते तो ठरवी. म्हणजे रक्ताचा दाटपणा त्याने रक्त मोजायला वापरला नाही, गेलेलं पाणी मोजायला वापरला. आजचा पीसीव्ही अशा वेळी तसाच वाचायला हवा.

आपल्या भागात हे जास्त का घडतं, ते सांगायला नको. सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा हा कोरडा भाग, पाऊस कमी, ऊन कडक. बागेत, शेतात, ऊसतोडीत बाया मुद्दाम पाणी कमी पितात, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. अशी बाई संध्याकाळी शिबिरात हिमोग्लोबिन तपासायला आली तर तिचा आकडा खऱ्यापेक्षा बरा दिसू शकतो. शिबिर घेणाऱ्या मंडळांना आणि ग्रामपंचायतींना माझं सांगणं आहे की तपासणी सकाळी ठेवा, आलेल्यांना सावलीत पंधरा-वीस मिनिटं बसवा आणि मग रक्त घ्या. उभं राहिल्यावर रक्तद्रवाचा काही भाग पायांकडच्या नसांतून बाहेर झिरपतो आणि रक्त थोडं दाटतं, आडवं झाल्यावर तो परत येतो. रांगेत तासभर उभं राहिलेल्याचा आणि खाटेवर झोपलेल्याचा आकडा त्यामुळेच सारखा येत नाही. व्यायामानेही असंच होतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या औंध गावात सूर्यनमस्कार घालून, घाम पुसत थेट रक्त द्यायला येणारा कुणी निघाला तर त्यालाही थोडा वेळ बसवलेलं बरं.

रक्तदानाच्या शिबिरात याला आणखी एक बाजू आहे. दात्याचं हिमोग्लोबिन निदान साडेबारा लागतं. कोरडा पडलेला माणूस ही कसोटी खोटीच पार करू शकतो, आणि त्यातून 350 मिली रक्त दिलं की चक्कर येऊन पडतो. रक्त दिल्यावर गेलेलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, पेशी भरून यायला आठवडे लागतात. म्हणूनच पुरुषांना 90 आणि बायकांना 120 दिवस थांबायला सांगतात.

रिपोर्ट हातात आल्यावर पाण्याचा खेळ ओळखायचा कसा? एकट्या पीसीव्हीकडे बघून नाही. पाणी आटलं असेल तर हिमोग्लोबिन, पीसीव्ही आणि तांबड्या पेशींची संख्या तिन्ही एकाच प्रमाणात वर जातात. सोबत रक्तातली प्रथिनं तपासली असतील तर तीही वर असतात, आणि बहुतेक वेळा युरियाही. पाणी जास्त झालं असेल तर हे सगळं मिळून खाली येतं. पेशीचा सरासरी आकार, म्हणजे रिपोर्टातला ‘एमसीव्ही’, यात फारसा बदलत नाही. आपल्या उदाहरणातल्या बाईला लोहाची कमतरता असेल तर तिच्या पेशी लहान असतात, आणि हिमोग्लोबिन साडेतेरा दिसलं तरी एमसीव्ही बहुधा कमीच दिसेल. हिमोग्लोबिन चांगलं आणि पेशी मात्र बारीक, असा रिपोर्ट आला की डॉक्टरांना विचारा. तो खरा रक्तक्षय कोरडेपणात लपलेला असू शकतो. आणि या सगळ्याहून मोठा पुरावा म्हणजे तुमचा मागचा रिपोर्ट. जुना कागद जपून ठेवला नसेल तर ‘आकडा बदलला’ हे कुणाला कळणारच नाही.

उलट मात्र समजू नका. पीसीव्ही चौकटीत आहे म्हणून अंगात पाणी पुरेसं आहे, असं होत नाही. मुळात 30 असलेल्या बाईचा आकडा कोरडी पडल्यावर 37 होईल आणि तो चौकटीतच दिसेल. शिवाय उन्हात घाम गेला तर मिठापेक्षा पाणी जास्त जातं. तेव्हा तांबड्या पेशींतूनही पाणी बाहेर येतं, त्या किंचित आकसतात आणि पीसीव्ही अपेक्षेइतका चढत नाही. कोरडेपणा ओळखायचा तो तहान, कोरडी जीभ, गडद आणि थोडी लघवी, जलद नाडी, उठल्यावर येणारी अंधारी यांवरून. लहान मूल असेल तर खोल गेलेले डोळे आणि चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसणारी कातडी बघा. त्यासाठी रिपोर्टाची वाट पाहायची नाही. ओआरएसची मोठी पुडी सांगितल्याप्रमाणे एक लिटर पाण्यात कालवून घोट घोट पाजायला लागा. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्हीला चहाचा चमचा.

नुसतं साधं पाणी बादलीभर प्यायल्याने रक्त पातळ होतं का? फारच थोडं. साधं पाणी सगळ्या अंगभर, पेशींच्या आतसुद्धा पसरतं आणि रक्तात त्याचा लहानसा वाटा उरतो. तिथे धोका वेगळाच आहे. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि फारच झालं तर झटके येतात. भरतीसाठी पळणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. तहानेपुरतं प्या, पैज लावून पिऊ नका. याच पोरांतले काही पुढे सैन्यात जाऊन लेहला पोचतात. तिथे पहिल्या काही दिवसांत वाढलेला पीसीव्हीही मुख्यतः पाणी घटल्याचा असतो. विरळ हवेमुळे मज्जेने खरोखर वाढवलेल्या पेशी नंतर, आठवड्यांच्या हिशोबाने दिसू लागतात.

गरोदर बायकांत रक्तद्रव निसर्गानेच वाढतो, जवळजवळ 40 ते 50 टक्क्यांनी. पेशीही वाढतात, पण तेवढ्या नाहीत, म्हणून आकडा थोडा उतरतो. त्यासाठीच गरोदरपणात रक्तक्षयाची रेघ बाराऐवजी अकरावर धरली आहे. अकराच्या खाली असेल तर ते नुसतं पाणी म्हणून सोडू नका. गोळ्या चालू ठेवा.

आता ज्या दोन ठिकाणी पाण्याचा हा हिशोब चुकीचा दिलासा देतो, ती नीट ऐका. पहिलं अपघात किंवा बाळंतपणातला रक्तस्राव. रक्त वाहून जातं तेव्हा पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात जातात, म्हणून पहिल्या काही तासांत पीसीव्ही जवळजवळ आहे तसाच दिसतो. आजूबाजूचं पाणी नसांत ओढलं जाऊन आकडा उतरायला तास लागतात, पूर्ण उतरायला एक-दोन दिवसही. “रिपोर्ट नॉर्मल आहे” म्हणून अशा माणसाला घरी आणू नका. तिथे नाडी आणि रक्तदाब बघायचा.

दुसरं डेंग्यू. त्यात पाणी अंगाबाहेर जात नाही, नसांच्या भिंतींतून आतल्या आत पोटात आणि छातीत झिरपतं. पीसीव्ही मूळच्या आकड्यापेक्षा पाचव्या हिश्शाने चढला, म्हणजे 40 चा 48 झाला, तर तो धोक्याचा बावटा आहे, आणि बहुधा ताप उतरू लागल्यावरच हे घडतं. आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटवर असतं, पपईच्या पानांसाठी धावाधाव होते, आणि शेजारच्या ओळीतला चढता पीसीव्ही कुणी बघत नाही. पोटात सतत दुखणं, पुन्हापुन्हा उलट्या, हातपाय गार पडणं, यांतलं काहीही दिसलं तर तसेच दवाखान्यात जा. गळती साधारण एक-दोन दिवस चालते, मग झिरपलेलं पाणी आपोआप नसांत परत येतं आणि पीसीव्ही उतरतो. माणूस ठणठणीत वाटत असताना उतरलेल्या या आकड्याला घाबरून आणखी सलाईन मागू नका. त्या वेळी जास्तीचं पाणी फुप्फुसांत भरतं आणि दम लागतो.

सलाईन मागून घ्यायची आपल्याकडची सवय मला मुळीच पसंत नाही. ज्याला तोंडाने पिता येतं आणि जो फार कोरडा पडलेला नाही, त्याला ओआरएस पुरतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर बाटली चढवण्याआधी ते डॉक्टरांना सांगा, कारण अशा अंगाला जास्तीचं पाणी बाहेर टाकता येत नाही. आणि सलाईन चालू असलेल्या हातातून, सुईच्या वरच्या भागातून रक्त काढू देऊ नका. त्या नमुन्यात सलाईन मिसळलेलं असतं. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळंच एकदम पडलेलं दिसतं, आणि ग्लुकोजची बाटली असेल तर साखर आकाशाला भिडलेली. असा रिपोर्ट आला तर रक्त चढवायची घाई करण्याआधी दुसऱ्या हातातून पुन्हा नमुना घ्यायला सांगा.

म्हणून पुढच्या वेळी तपासणीसाठी रक्त द्याल तेव्हा कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: किती वाजता काढलं, जुलाब-उलट्या किंवा ताप होता का, आणि त्याआधी सलाईनच्या किती बाटल्या गेल्या होत्या. आजारपणातला आकडा वाढलेला असो की घटलेला, बरं होऊन खाणंपिणं नीट सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा आणि लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या ते त्या रिपोर्टावर डॉक्टरांना ठरवू द्या. तोवर गोळ्या बंद करू नका.